अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र आत येऊ देत नाही, मग एमआरआयची तार स्वतःच्याच क्षेत्रात टिकते कशी?

खाडीकाठची

नमस्कार मंडळी. मी भाट्याच्या खाडीपलीकडे राहते आणि कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात बारावीच्या मुलांना रत्नागिरीत एमआरआय यंत्र दाखवायला नेलं होतं. परत येताना एसटीत एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्ही शिकवलंत की अतिसंवाहक चुंबकीय क्षेत्र बाहेर काढून टाकतो, आणि क्षेत्र फार वाढलं की अतिसंवाहकताच जाते. मग त्या यंत्रातली तार दीड टेस्ला तयार करते आणि त्याच दीड टेस्लात बसलेली असते. तिची अतिसंवाहकता का जात नाही?"

मी सांगितलं की ती टाइप टू आहे, तिचं क्रांतिक क्षेत्र मोठं असतं. त्यावर ती म्हणाली, "म्हणजे ती क्षेत्राला जास्त जोरात बाहेर ढकलते?" तेवढ्यात पूल आला, मुलं उतरली आणि माझं उत्तर राहून गेलं. खरं सांगायचं तर माझ्याकडे ते नव्हतंच. पुस्तकातले दोन आलेख मला काढता येतात, पण तारेच्या आत नक्की काय चाललेलं असतं हे नीट समजून घ्यायचं आहे.

अपूर्णांक

मॅडम, तिचं बरोबरच आहे की. टाइप वनचं क्रांतिक क्षेत्र लहान, टाइप टूचं मोठं. या यंत्रांत नायोबियम-टायटॅनियमची तार असते. द्रव हेलियमच्या तापमानाला तिचं क्रांतिक क्षेत्र 10 टेस्लाच्या वर आहे. तिथपर्यंत ती क्षेत्र बाहेर ठेवते आणि रोध शून्य राहतो. दीड टेस्ला म्हणजे तिला काहीच नाही. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आम्हाला असंच शिकवलंय.

हर्णैकर

अपूर्णांक, 10 टेस्लाचा आकडा बरोबर आहे, पण "तिथपर्यंत क्षेत्र बाहेर ठेवते" हे चूक आहे. त्या मुलीची शंका नेमकी इथेच अडली आहे. मी नोकरीतली बरीच वर्षं अतिशीत चुंबकांवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शिसं घेऊ. कामर्लिंग ओन्स यांनी 1911 मध्ये पाऱ्यात अतिसंवाहकता पाहिली आणि दोनच वर्षांत शिशाच्या तारेचं वेटोळं करून मोठं चुंबक बनवायचा बेत केला. त्यांच्या डोळ्यासमोर एक लाख गॉस, म्हणजे 10 टेस्ला होते. वेटोळं पाच-सहाशे गॉसलाच बंद पडलं. त्या वेळी कारण कळलं नव्हतं, आज आपण ते गणिताने काढू शकतो. शिशाचं क्रांतिक तापमान 7.2 केल्विन. शून्य केल्विनजवळ त्याचं क्रांतिक क्षेत्र सुमारे 0.080 टेस्ला. तापमान वाढेल तसं ते या सूत्राने घटतं:

Hc(T) = Hc(0) × [1 − (T/Tc)²]

हेलियम 4.2 केल्विनला उकळतो. 4.2 भागिले 7.2, त्याचा वर्ग 0.34. म्हणजे उरलं 0.080 गुणिले 0.66, साधारण 0.053 टेस्ला, 530 गॉस. शिशाची तार कितीही वेढे घेऊन गुंडाळा, वेटोळ्यातलं क्षेत्र तिथे पोचलं की आतल्या वेढ्यांची अतिसंवाहकता जाते. शिसं टाइप वन आहे. ते क्षेत्र पूर्ण बाहेर ठेवतं आणि तसं ठेवणं झेपेनासं झालं की एकदम सगळंच सोडून देतं.

आता नायोबियम-टायटॅनियम. इथे बहुतेकांना धक्का बसतो. क्षेत्र बाहेर ठेवण्यात ही तार शिशापेक्षा दुबळी आहे! शंभर-दीडशे गॉसलाच क्षेत्र तिच्या आत शिरायला लागतं. हे तिचं पहिलं क्रांतिक क्षेत्र. पण शिरतं ते बारीक बारीक नळ्यांच्या रूपात. प्रत्येक नळीचा गाभा साधा धातू झालेला असतो, भोवती विद्युतप्रवाह गोल फिरतो, म्हणून त्यांना भोवरे म्हणतात. भोवऱ्यांच्या मधली जागा अतिसंवाहकच राहते. दुसरं क्रांतिक क्षेत्र म्हणजे भोवऱ्यांची इतकी दाटी की मधली जागाच उरत नाही. तुमचे 10 टेस्ला ते हे.

तेव्हा मॅडम, त्या मुलीला सांगा की ही तार क्षेत्राला जोरात ढकलत नाही. ती त्याला आत घेते, म्हणून टिकते.

खाडीकाठची

हे वाचून हायसं वाटलं. दीड टेस्लाला असे भोवरे किती दाट असतात?

हर्णैकर

प्रत्येक भोवऱ्यात फ्लक्स ठरलेला असतो, 2.07 × 10⁻¹⁵ वेबर, कमी नाही की जास्त नाही. दीड टेस्लाला दोन शेजारी भोवऱ्यांमध्ये साधारण 40 नॅनोमीटर अंतर पडतं, 5 टेस्लाला 22. एवढ्या दाटीतही मधली वाट मोकळी असते.

खारकॉव्हमध्ये शुब्निकोव्ह आणि सहकाऱ्यांनी 1936-37 च्या सुमारास मिश्रधातूंत हे वागणं मोजलं होतं. 1937 मध्येच शुब्निकोव्ह यांना स्टॅलिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या. भोवऱ्यांचा सिद्धांत आब्रिकोसोव्ह यांनी 1957 मध्ये छापला. त्यांना 2003 मध्ये नोबेल मिळालं. शुब्निकोव्हांचं नाव मुलांना जरूर सांगा.

वाइंडिंगवाला_मालवण

नमस्कार. मिया मालवणात पंपाच्यो मोटारी बांधतंय. मॅग्नेट वायरीचो धागो दिसलो म्हणान इलंय. माझी अडचण अशी आसा की खाऱ्या हवेन तारेचा इनॅमल दोन पावसाळ्यांत जाता आणि वाइंडिंग जळता. गेल्या म्हयन्यात एकाच बोटीची मोटार दोनदा बांधलंय. वार्निश दोनदा देतंय, भट्टीत सुकवतंय, तरी तसाच. ह्या तुमच्या तारेक इनॅमल खंयचा लावतंत?

हर्णैकर

भाऊ, ही तार वेगळी, उणे 269 अंश सेल्सिअसला चालणारी. तिच्यावरही इनॅमलसारखा पातळ थर असतो, पण तो वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट होऊ नयेत यासाठी. खाऱ्या हवेचा तिला प्रश्नच येत नाही, ती बंद टाकीत असते. तुमच्या मोटारीबद्दल वेगळा धागा काढा, इथे मोटारी बांधणारे आणखी असतील. पण जाऊ नका, पुढे तुमच्या कामाची एक गोष्ट येणार आहे.

अपूर्णांक

माझी चूक कळली. पण एक शंका आहे. भोवऱ्याचा गाभा साधा धातू आहे, तरी मधून अतिसंवाहक वाट आहे, म्हणजे दुसऱ्या क्रांतिक क्षेत्राच्या खाली रोध शून्यच. बरोबर ना? आणि तार जितकी शुद्ध, तितकी चांगली असणार.

हर्णैकर

दोन्ही नाही. भाट्याच्या खाडीत नांगरलेल्या होड्या पाहिल्या आहेत ना? भरती-ओहोटीचा ओढ प्रत्येक होडीला ढकलत असतो. नांगर धरून असेल तर होडी जागची हलत नाही. नांगर घसरला की ती वाहायला लागते.

भोवऱ्यांचं तसंच आहे. तारेतून प्रवाह सोडला की तो प्रत्येक भोवऱ्यावर बल लावतो. भोवरा सरकला की त्याच्या साध्या धातूच्या गाभ्यात ऊर्जा खर्च होते, तारेच्या दोन टोकांत व्होल्टेज दिसतं. म्हणजे रोध आला, तोही दुसऱ्या क्रांतिक क्षेत्राच्या कितीतरी खाली असताना. अगदी शुद्ध, निर्दोष टाइप टू धातूत नांगरच नसतात. तो क्षेत्रात अतिसंवाहक राहील, पण उपयोगाचा प्रवाह जवळजवळ वाहून नेणार नाही.

म्हणून तार मुद्दाम बिघडवावी लागते. नायोबियम-टायटॅनियममध्ये वजनाने साधारण 47 टक्के टायटॅनियम असतं. तार ओढता ओढता मध्ये ती 400 अंशांच्या आसपास कित्येक तास तापवतात. टायटॅनियमचे बारीक कण वेगळे पडतात. मग पुन्हा ओढली की ते कण चपटे होऊन काही नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांसारखे पसरतात, जवळजवळ भोवऱ्यांच्या मापाचे. त्या कणांत भोवऱ्याचा गाभा बसला की तिथून हलायला त्याला ऊर्जा लागते. हेच नांगर.

किती धरतात ते पाहा. चांगली तार 5 टेस्ला आणि 4.2 केल्विनला दर चौरस मिलिमीटरला सुमारे 3000 अँपिअर नेते. प्रवाहाची घनता गुणिले क्षेत्र केलं तर दर घनमीटरला 1.5 × 10¹⁰ न्यूटन बल येतं. त्या धातूच्या स्वतःच्या वजनाच्या साधारण अडीच लाख पट. एवढा ओढ ते कण सहन करतात.

खाडीकाठची

होडीचं उदाहरण मुलांना लगेच पटेल, पण एक दुरुस्ती सुचवते. होडी पाण्याच्या ओढीच्या दिशेने जाते. इथे बल प्रवाह आणि क्षेत्र दोघांनाही काटकोनात असणार. म्हणजे भोवरे तारेच्या लांबीने न जाता आडवे, एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकणार.

हर्णैकर

अगदी बरोबर मॅडम. उदाहरण नांगरापुरतंच घ्या, दिशेसाठी नको.

क्षकिरण

मी एका केंद्रात एमआरआय तंत्रज्ञ आहे. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात आमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती आणि जनरेटरही दुसऱ्या दिवशी बंद पडला. घरच्यांना वाटत होतं की वीज गेली म्हणजे चुंबकही बंद. मी रात्रभर दारात बसून होतो, कारण कोणी लोखंडी खाट किंवा सिलिंडर आसऱ्याला आत आणला असता तर माणूस मेला असता. क्षेत्र तसंच्या तसं होतं. प्रवाह बंद वेटोळ्यात फिरत राहतो, त्याला वीज लागत नाही. वीज लागते ती थंडाव्याच्या यंत्राला. ते बंद होतं म्हणून हेलियमची पातळी दिवसाला दोनेक टक्क्यांनी उतरत होती. अतिसंवाहकता अचानक जाऊन क्वेंच झालं नाही, नशीब.

माझा प्रश्न असा. बसवणारे इंजिनिअर म्हणाले होते की तारेत अतिसंवाहकापेक्षा तांबंच जास्त आहे. मग हे अतिसंवाहक चुंबक कसलं? आणि एवढी बारीक बारीक तंतूंची तार करण्यापेक्षा एक जाड गज का घेत नाहीत?

हर्णैकर

तुम्ही दारात बसलात ते फार मोठं काम केलंत.

जाड गज का नको, ही या सगळ्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. क्षेत्र तारेत काठाने शिरतं. नांगर घट्ट असल्यामुळे भोवरे एकदम मध्यापर्यंत पोचत नाहीत, काठाला दाट आणि आत विरळ अशी उतरण तयार होते. वाळूच्या ढिगाला जसा ठरलेला उतार असतो, त्याहून जास्त चढ केला की वाळू घसरते, तसाच इथेही ठरलेला उतार आहे. 1962 मध्ये बीन यांनी हे मांडलं. उतार किती, तर μ₀ गुणिले तारेची क्रांतिक प्रवाहघनता.

वरचे 3000 अँपिअर प्रति चौरस मिलिमीटर घेतले तर उतार येतो मिलिमीटरला पावणेचार टेस्ला. समजा गज 1 मिलिमीटर जाड आहे. काठापासून मध्यापर्यंत अर्धा मिलिमीटर, म्हणजे काठ आणि मध्य यांच्यात 1.9 टेस्लापर्यंत फरक साठू शकतो. (गोल आकाराचा गुणक सोडून देतो, अंदाजाला हे पुरे.) आता कुठेतरी किंचित उष्णता आली, एखादा वेढा केसभर सरकला तरी पुरे. तापमान वाढलं की नांगर ढिले होतात, उतार कमी होतो, थोडे भोवरे आत घसरतात. घसरताना ते उष्णता देतात. त्या उष्णतेने नांगर आणखी ढिले. अशी ढिगाची दरड एका क्षणात कोसळते. याला फ्लक्स जंप म्हणतात.

साठलेल्या ऊर्जेचा अंदाज B²/6μ₀ असा घ्या. 1.9 टेस्लाला दर घनमीटरला जवळपास पाच लाख जूल येतात. 4.2 केल्विनपासून क्रांतिक तापमानापर्यंत, म्हणजे 9 केल्विनच्या थोडं वर, तो धातू तापवायला साधारण सव्वा लाख जूल पुरतात, कारण इतक्या थंडीत धातूंची उष्णता धरायची कुवत फारच कमी असते. म्हणजे जाड गज स्वतःला क्रांतिक तापमानापलीकडे नेऊन पुन्हा वर ऊर्जा शिल्लक ठेवतो.

आता तंतू 50 मायक्रॉनचा करा, जवळजवळ केसाएवढा. अर्धी जाडी 25 मायक्रॉन, फरक फक्त 0.09 टेस्ला. जाडी वीसपट कमी, ऊर्जा चारशेपट कमी. तापमान वाढतं एक-दोन दशांश केल्विन. दरड कोसळायला सुरुवात झाली तरी ती तिथेच थांबते. आणि असा एक तंतू 5 टेस्लाला सुमारे 6 अँपिअर नेतो.

1960 च्या दशकातल्या जाड गाभ्याच्या तारांनी लोकांना फार रडवलं. तारेचा वीतभर तुकडा तपासला की उत्तम, तीच तार वेटोळ्यात घातली की अर्ध्या प्रवाहालाच क्वेंच. व्होल्टेजच्या नोंदीत प्रवाह चढवताना कमी क्षेत्रातच टोकदार उसळ्या दिसत. फ्लक्स जंपची ती खूण आहे. कमी क्षेत्रात प्रवाहघनता सर्वांत जास्त असते, म्हणून उतारही तिथेच सर्वांत उभा.

तांब्याचं काम वेगळं. एखादा तंतू गेलाच तर त्याचा प्रवाह क्षणभर तांब्यातून वळतो. साध्या अवस्थेतल्या नायोबियम-टायटॅनियमचा रोध थंड तांब्यापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यातून शेकडो अँपिअर गेले तर तार वितळेल. तांबं वाटही देतं आणि उष्णता हेलियमकडे नेतं. म्हणून ते जास्त लागतं.

वाइंडिंगवाला_मालवण

आता माका समाजला. मोठ्या मोटारीत आमीय एक जाडी तार घालूचे नाय, चार बारीक एकत्र घालतंव, पण ता वळणात बसूचा म्हणान. तुमचे तंतू तांब्यात सरळ ठेवतंत की सुंभासारखो पीळ देतंत? पिळाशिवाय काथ्याक जोर येणा नाय.

हर्णैकर

भाऊ, हीच ती तुमच्या कामाची गोष्ट. पीळ देतातच! पण जोरासाठी नव्हे. तंतू सरळ ठेवले तर क्षेत्र बदलताना दोन शेजारी तंतू आणि त्यांच्या दोन टोकांना जोडणारं तांबं मिळून एक लांबलचक फेरा होतो. त्या फेऱ्यात प्रवाह सुरू होतो आणि सगळे तंतू मिळून एकाच जाड गजासारखे वागतात. मग बारीक केल्याचा फायदाच गेला. पीळ दिला की दर अर्ध्या पिळाला फेऱ्याची बाजू उलटते आणि ती प्रेरणा एकमेकींना मारते. पीळ साधारण बोटाच्या पेराएवढ्या लांबीला एक.

जिनिव्हाच्या मोठ्या कण-त्वरकाच्या तारेत 1 मिलिमीटरच्या जाडीत 7 मायक्रॉनचे जवळपास 8900 तंतू आहेत. तिथे क्षेत्र सतत चढवावं-उतरवावं लागतं आणि त्याची अचूकता फार महत्त्वाची असते. एमआरआयचं क्षेत्र एकदा चढवलं की तसंच राहतं, म्हणून तिथे थोडके आणि जाड तंतू चालतात.

अपूर्णांक

नायोबियम-टिनचं क्रांतिक तापमान 18 केल्विन आहे, दुसरं क्रांतिक क्षेत्रही दुपटीहून जास्त. मग एमआरआयला तेच का वापरत नाहीत?

हर्णैकर

ते काचेसारखं ठिसूळ आहे. वेटोळं आधी गुंडाळायचं आणि मग सगळं एकत्र भट्टीत घालून संयुग तयार करायचं, असा खटाटोप आहे. दीड टेस्लासाठी कोण करणार? नायोबियम-टायटॅनियम तांब्यासारखं ओढता येतं, त्याची निम्मी किंमत तिथेच वसूल होते.

क्षकिरण

शेवटचं एक. आमच्या यंत्राची मध्यवर्ती वारंवारता 63.8 मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. ती मी नोंदवहीत लिहीत असतो. दर महिन्याला ती शंभरेक हर्ट्झने घटते. ही वारंवारता क्षेत्राच्या प्रमाणात असते, म्हणजे क्षेत्र हळूहळू कमी होतंय. हे नांगर घसरल्यामुळे का?

हर्णैकर

शक्यता दोन आहेत. एक म्हणजे भोवरे उष्णतेच्या धक्क्याने अधूनमधून एका नांगरावरून दुसऱ्यावर उडी मारतात, तो सरपट. दुसरी म्हणजे तारेचे तुकडे जिथे जोडले आहेत त्या सांध्यांचा अतिसूक्ष्म रोध. महिन्याला शंभर हर्ट्झ म्हणजे दहा लाखांत दीडेक भाग. वेटोळ्याचं प्रेरकत्व 25 हेन्री धरलं तर सगळ्या सांध्यांचा मिळून रोध ओहमाच्या शंभर अब्जाव्या भागाच्या आसपास निघतो. सांध्यांसाठी हा आकडा पटण्यासारखा आहे, म्हणून माझा कल तिकडे आहे.

खाडीकाठची

कल ठीक, पण वहीतूनच ठरवता येईल ना? सांध्यांचा रोध असेल तर घट दर महिन्याला सारखीच राहायला हवी. सरपट असेल तर सुरुवातीला जास्त आणि मग मंदावत जाणारी.

हर्णैकर

येईल. सरपट काळाच्या लॉगॅरिदमने मंदावते. पहिल्या दिवसात जेवढी घट, साधारण तेवढीच पुढच्या नऊ दिवसांत आणि तेवढीच त्यापुढच्या नव्वद दिवसांत. क्षकिरण, क्षेत्र चढवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या नोंदी आहेत का?

क्षकिरण

चुंबक 2017 मध्ये चढवलं, मी 2019 ला लागलो. आधीची वही स्टोअरच्या कपाटात आहे. उद्या सकाळची पाळी आहे, पानं काढून आकडे इथे टाकतो. मधे एकदा क्षेत्र एकसारखं करणारी शिम बदलली होती, ती तारीखही शोधावी लागेल.

खाडीकाठची

टाका. मी त्या मुलीला आलेख काढायला बसवते, प्रश्न तिचाच आहे.